आधी रीत, मग कारण

१८०५ साली पॅरिसमध्ये आद्रियँ-मारी लजांद्र या गणितज्ञाचं धूमकेतूंच्या कक्षांवरचं एक पुस्तक निघालं. पुस्तकातले धूमकेतू आज कुणाला आठवत नाहीत. शेवटी जोडलेली काही पानांची पुरवणी मात्र गणिताच्या इतिहासात कायमची जाऊन बसली. त्या पुरवणीतला प्रश्न त्या काळच्या प्रत्येक खगोलशास्त्रज्ञाच्या टेबलावर पडलेला असे. कक्षा ठरवायची तर पाच-सहा अज्ञात संख्या काढायच्या. वेध मात्र वीस, तीस, पन्नास. प्रत्येक वेधातून एक समीकरण निघतं आणि प्रत्येक वेधात थोडीफार चूक असतेच. त्यामुळे सगळ्या समीकरणांत चपखल बसेल असा कुठलाच संच सापडत नाही. मग वाकडं बसणाऱ्या संचांपैकी कोणता घ्यायचा?

लजांद्रचं उत्तर सरळ होतं. कुठलाही एक संच घ्या, प्रत्येक वेधात किती फरक उरतो ते पाहा, त्या फरकाचा वर्ग करा आणि सगळ्या वर्गांची बेरीज करा. ही बेरीज ज्या संचासाठी सर्वांत लहान येईल तो आपला. यालाच त्याने किमान वर्गांची पद्धत म्हटलं. वर्गच का, याचं मोठं कारण सोय हे होतं. वर्गांची बेरीज किमान करायला गेलं की जितक्या अज्ञात संख्या तितकीच साधी समीकरणं हाती येतात आणि ती कागदावर सुटतात. बॉस्कोविच या जेसुइट गणितज्ञाने अर्धशतक आधी पृथ्वीच्या आकाराच्या मोजमापांसाठी वेगळी वाट सुचवली होती. तो फरकांचे वर्ग न करता फक्त चिन्ह सोडून त्यांची बेरीज किमान करत असे. ती कल्पना वाईट नव्हती, पण अज्ञात संख्या वाढल्या की हाताने सोडवणं फार जिकिरीचं होई.

सोयीला लजांद्रने एक समर्थनही जोडलं होतं. या रीतीने चुकांमध्ये एक समतोल साधला जातो आणि टोकाच्या चुका अवाजवी प्रभाव पाडू शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढच्या दीडशे वर्षांत ते जवळपास उलटं ठरलं. पण १८०५ मध्ये त्यावर कुणी बोट ठेवलं नाही. रीत चालत होती, आणि ती का चालावी याचा पुरावा कुणी मागितला नव्हता.

पुरावा आला तो जर्मनीतून, आणि त्यामागे एक हरवलेला ग्रह होता. १ जानेवारी १८०१ च्या रात्री पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियाझ्झीला एक नवा सरकणारा ठिपका दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत तो त्याचा माग काढू शकला. मग आजारपण आलं आणि ठिपका सूर्याच्या उजेडात शिरला. सेरेस नाव मिळालेला तो लघुग्रह पुन्हा बाहेर येईल तेव्हा कुठे शोधायचा हे सांगायला हाती आकाशातला एक तोकडा तुकडा तेवढा होता. ब्राउनश्वाइगमधल्या चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिख गाउसने त्यातून कक्षा काढली, आणि वर्षाच्या शेवटी फॉन त्साख व पाठोपाठ ओल्बर्स या खगोलशास्त्रज्ञांना त्या कक्षेच्या आधारे सेरेस परत सापडला. या यशाचं सगळं श्रेय किमान वर्गांना द्यायची पद्धत पडली आहे, ती मला थोडी सैल वाटते. त्या पहिल्या कक्षेचा गाभा तीन निवडक वेधांवर उभा होता. अनेक वेध एकत्र तोलण्याचा प्रश्न कक्षा सुधारताना येतो.

गाउसने आपली सगळी रीत १८०९ मध्ये ग्रहांच्या गतीवरच्या लॅटिन ग्रंथात मांडली. त्यात किमान वर्गांना त्याने ‘आपलं तत्त्व’ म्हटलं आणि १७९५ पासून आपण ते वापरत असल्याचं लिहिलं. लजांद्र चिडला, आणि अग्रहक्काचा तो वाद पुढे बरीच वर्षं चिघळला. तो बाजूला ठेवू. लजांद्रकडे नसलेली आणि त्या ग्रंथात असलेली गोष्ट म्हणजे संभाव्यतेवर बांधलेला युक्तिवाद, आणि तो बांधलाय उलट्या दिशेने.

सरळ दिशा अशी झाली असती: चुका अमुक नियमाने पडतात हे आधी ठरवायचं आणि मग त्या नियमाला शोभेल अशी रीत काढायची. पण चुकांचा नियम कुणालाच माहीत नव्हता. तेव्हा गाउसने विचारलं की ज्यावर सगळ्यांचा आधीच विश्वास आहे असं काय आहे? एकच राशी एकाच काळजीने अनेकदा मोजली तर तिची सर्वांत संभाव्य किंमत म्हणजे मोजमापांची सरासरी. हे सगळे मानतात, तर हे खरं ठरण्यासाठी चुकांचा नियम कसा असायला हवा?

हा टप्पा सावकाश पाहण्यासारखा आहे. एखादी चूक e पडण्याची संभाव्यता φ(e) या वक्राने मिळते असं धरा. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर सगळ्या मिळून पडण्याची संभाव्यता म्हणजे या φ किमतींचा गुणाकार. राशीची खरी किंमत म्हणून आपण जी संख्या धरू तिच्याप्रमाणे चुका बदलतात आणि हा गुणाकारही बदलतो. ज्या संख्येला गुणाकार सर्वांत मोठा येतो ती सर्वांत संभाव्य. लॉगॅरिदम घेतला की गुणाकाराची बेरीज होते, आणि बेरीज शिखरावर असते तेव्हा तिचा चढ शून्य असतो. म्हणजे प्रत्येक मोजमाप उत्तराला आपल्याकडे काही एका जोराने ओढतं, आणि उत्तर तिथे थांबतं जिथे सगळ्या ओढी एकमेकींना फेडतात. चूक किती मोठी असताना ओढ किती, हे φ चा आकार ठरवतो.

आता पाच मोजमापं घ्या. चार अगदी सारखी आली आहेत, आणि पाचवं वेगळं पडलंय. सरासरीपासून पाचवं एका बाजूला ४ एकक दूर असेल, तर उरलेली चार दुसऱ्या बाजूला १-१ एकक दूर असणार, नाहीतर ती सरासरीच नव्हे. सरासरी हेच सर्वांत संभाव्य उत्तर हवं असेल, तर ४ एककांच्या चुकेची ओढ ही १ एककाच्या चुकेच्या ओढीच्या बरोबर चौपट असायला हवी. पाचाऐवजी अकरा मोजमापं घेतली तर दहापट. मोजमापं कितीही घेतली तरी हेच. गाउसने नेमका हाच दाखला सर्वसाधारण संख्येसाठी दिला आहे. यातून सुटका एकच: ओढ चुकेच्या सम प्रमाणात वाढायला हवी. आणि तसं असेल तर

log φ(e) = c − h²e²

म्हणजेच मधोमध उंच, दोन्हीकडे झपाट्याने उतरणारा घंटेच्या आकाराचा वक्र. आज आपण त्याला नॉर्मल म्हणतो. वक्राखालचं क्षेत्रफळ काढायला लागणारं प्रमेय लाप्लासचं होतं, आणि गाउसने त्याचं श्रेय त्याला दिलं आहे.

वक्र हाती आला की पुढचं काम दोन ओळींचं. एका राशीऐवजी कक्षेच्या सहा संख्या असोत की सरळ रेषेचे दोन सहगुणक, सगळ्या चुका मिळून पडण्याची संभाव्यता आता

−n log σ − Σe² / 2σ²

या राशीने ठरते (एक स्थिरांक वगळून). σ म्हणजे चुकांचा पसारा, आणि e म्हणजे प्रत्येक वेधातला उरलेला फरक. कक्षेच्या संख्या या राशीत फक्त Σe² मधून शिरतात, आणि त्याच्या मागे वजाबाकीचं चिन्ह आहे. तेव्हा ही राशी सर्वांत मोठी करा म्हणणं आणि वर्गांची बेरीज सर्वांत लहान करा म्हणणं, हे अक्षरशः एकच. लजांद्रने सोयीसाठी घेतलेला वर्ग हा नॉर्मल वक्राच्या घातांकात बसलेला वर्ग आहे. एवढीच ती समानता. तिच्यात याहून गूढ काही नाही.

युक्तिवाद देखणा आहे, पण वर्तुळाकार आहे. सरासरी चांगली का? चुका नॉर्मल असतात म्हणून. चुका नॉर्मल कशावरून? सरासरी चांगली म्हणून. शिवाय त्यात आणखी एक गृहीत दडलेलं होतं: मोजण्याआधी राशीच्या सगळ्या किमती सारख्याच संभाव्य आहेत. गोष्ट इथेच थांबली असती तर हा सांधा कायमचा दुबळा राहिला असता. पण पुढच्याच वर्षी पॅरिसहून त्याला आधार मिळाला. १८१० मध्ये लाप्लास वेगळ्याच वाटेने त्याच वक्रापाशी पोचला होता. अनेक लहानसहान, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या चुकांची बेरीज झाली, की त्या मूळच्या चुका कुठल्याही आकाराच्या असोत, बेरजेचा वक्र घंटेकडे झुकतो. गाउसचा ग्रंथ हाती येताच लाप्लासने दोन्ही जोडून दाखवले. वेधातली चूक म्हणजे दुर्बिणीचा कंप, हवेची थरथर, घड्याळाचा ठोका ऐकण्यातला उशीर, मापपट्टीवरची रेघ वाचण्यातला अंदाज, या सगळ्यांची बेरीज असेल, तर नॉर्मल वक्र हा गृहीत न राहता परिणाम ठरतो. १८१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बेसेलने ब्रॅडलीच्या जुन्या वेधांतल्या चुका मोजून वक्राशी ताडून पाहिल्या. जुळणी छान होती. मोठ्या चुका तेवढ्या अपेक्षेपेक्षा किंचित जास्त निघत होत्या.

त्या ‘किंचित’कडे फारसं कुणी पाहिलं नाही. गाउस मात्र स्वतःच्या १८०९ च्या पुराव्यावर खूश नव्हता, आणि ही त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट. १८२० च्या दशकात त्याने किमान वर्गांना पूर्णपणे नवा पाया दिला, आणि त्यात नॉर्मल वक्राचा मागमूसही नाही. या वेळी त्याने ‘सर्वांत संभाव्य’ काय हे विचारलंच नाही. विचारलं ते असं: चुकांची सरासरी शून्य आहे, त्यांचा पसारा सारखा आहे आणि त्या परस्परांशी निगडित नाहीत, एवढंच माहीत असताना, वेधांना ठरावीक वजनं देऊन बेरीज करणाऱ्या आणि सरासरीत खरं उत्तर देणाऱ्या रीतींपैकी सर्वांत कमी डगमगणारी कोणती? उत्तर पुन्हा किमान वर्गच. हेच पुढे गाउस-मार्कोव्ह प्रमेय म्हणून ओळखलं गेलं. १८३९ मध्ये बेसेलला लिहिलेल्या पत्रात त्याने आपण जुना पाया का सोडला हे मोकळेपणाने सांगितलं आहे. सर्वांत संभाव्य उत्तर शोधण्यापेक्षा सर्वांत कमी नुकसान करणारं उत्तर शोधणं त्याला जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

इथे दोन वाटा फुटल्या आणि पुष्कळ पाठ्यपुस्तकांत त्या आजही गुंतलेल्या दिसतात. नॉर्मल चुका असतील तर किमान वर्ग हेच सर्वांत संभाव्य उत्तर आणि त्याहून चांगली रीत शोधायचं कारण नाही. चुका नॉर्मल नसतील तरी किमान वर्ग चुकीचे ठरत नाहीत. पण तेव्हा ते फक्त ‘वजन देऊन बेरीज’ या एका वर्गातले सर्वोत्तम उरतात, आणि तो वर्ग फार अरुंद असू शकतो. मोजमापं क्रमाने लावून मधलं उचलणं या वर्गात बसत नाही. संशयास्पद मोजमापाचं वजन कमी करणंही बसत नाही, कारण तिथे वजन मोजमाप पाहून ठरतं. आणि पसारा हा मर्यादित असायला हवा, हीसुद्धा अट आहेच. १८५३ मध्ये कोशीने बिएनेमेशी झालेल्या वादात असा एक चुकांचा नियम पुढे केला, जिथे हजार मोजमापांची सरासरी ही एका मोजमापाइतकीच बेभरवशाची. गणिती कुरापत म्हणून तो बाजूला पडला.

कागदावरची कुरापत प्रत्यक्षात कशी दिसते ते कळायला १८८२ च्या वॉशिंग्टनला जावं लागतं. त्या वर्षी जुलै ते सप्टेंबर सायमन न्यूकम प्रकाशाचा वेग मोजत होता. पोटोमॅक नदीच्या एका काठावरच्या फोर्ट मायरहून प्रकाशाचा झोत निघे, पलीकडे वॉशिंग्टन स्मारकाच्या पायथ्याशी बसवलेल्या आरशावर आपटून परत येई. एकूण प्रवास सुमारे साडेसात किलोमीटर, लागणारा वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजला तर २४.८ च्या आसपास. या मालिकेतली ६६ मोजमापं आज संख्याशास्त्राच्या कित्येक पुस्तकांत छापलेली असतात. वाचायला सोपं जावं म्हणून ती २४,८०० नॅनोसेकंदांपासूनचा फरक म्हणून लिहितात: २८, २६, ३३, २४, ३४ अशी. बहुतेक सगळी १६ ते ४० च्या दरम्यान. दोन मात्र वेगळीच आहेत: −२ आणि −४४.

गाउसचा १८०९ चा नियम इथे लावून पाहू. ६६ मोजमापांची सरासरी २६.२ येते. त्या दोन काढल्या तर उरलेल्या ६४ ची सरासरी २७.७५. म्हणजे दोन मोजमापांनी उत्तर दीड एककाने खाली ओढलं. वर्गांचा हिशेब मांडला की हे का झालं ते डोळ्यांत भरतं. सरासरीपासूनच्या सगळ्या फरकांच्या वर्गांची बेरीज साधारण ७,५०० आहे. त्यातले ४,९०० च्या वर एकट्या −४४ चे, आणि सुमारे ८०० −२ चे. दोन मोजमापं तीन चतुर्थांश बेरीज खाऊन बसली आहेत, आणि उरलेली चौसष्ट मिळून एक चतुर्थांश. टोकाच्या चुकांना वर्ग आवर घालतात म्हणणाऱ्या लजांद्रला हा हिशेब दाखवायला हवा होता.

गंमत अशी की नेहमीच्या तपासणीतून हा घोटाळा अर्धाच दिसतो. त्या दोघांना धरून पसारा मोजला तर σ सुमारे १०.७ येतो, आणि −४४ हे सरासरीपासून साडेसहा पसारे दूर दिसतं. वगळून मोजला तर पसारा ५.१ वर येतो, आणि तेच मोजमाप चौदा पसारे दूर जातं. ज्या मापाने आपण आगंतुकाला मोजतो ते मापच तो ताणून ठेवतो. −२ च्या बाबतीत हे आणखी फसवं आहे. सगळ्यांना धरलेल्या पसाऱ्यात ते तीनाच्याही आत बसतं आणि निरुपद्रवी वाटतं, आणि वगळलेल्या पसाऱ्यात जवळपास सहा पसारे दूर निघतं. म्हणून अनुभवी माणूस आधी सरासरीशेजारी मध्यक ठेवून पाहतो. न्यूकमच्या ६६ मोजमापांचा मध्यक २७. दोन वगळल्यावर २७.५. मोजमापं मधोमध दाट असल्यामुळे तो अर्धं एकक तेवढं सरकला, जिथे सरासरी दीड एकक सरकली होती.

मध्यकही खरं तर एका चुकांच्या नियमाचं सर्वांत संभाव्य उत्तर आहे. लाप्लासने १७७४ मध्ये, गाउसच्या कितीतरी आधी, असा वक्र सुचवला होता ज्यात log φ हे e² ऐवजी चिन्ह सोडलेल्या e च्या प्रमाणात उतरतं. ओढीच्या भाषेत त्याचा अर्थ असा की चूक कितीही मोठी असो, ओढ तेवढीच राहते. −४४ आणि −२ दोघंही उत्तराला खाली ओढतात, पण १६ पेक्षा तसूभरही जास्त नाही. या वक्राखाली सर्वांत संभाव्य रीत म्हणजे फरकांची बेरीज किमान करणं, वर्गांची नव्हे. म्हणजे बॉस्कोविचची रीत. तेव्हा तुटते ती ‘सर्वांत संभाव्य’ ही कल्पना नव्हे. तुटतो तो तिचा वर्गांशी असलेला सांधा. वक्र बदलला की ओढ बदलते, आणि ओढ बदलली की रीत बदलते.

न्यूकम हे सगळं जाणून होता. १८८६ मध्ये त्याने वेधांच्या जुळणीचा एक सर्वसाधारण सिद्धांत लिहिला. चुका एका नॉर्मल वक्रातून येत नाहीत, वेगवेगळ्या पसाऱ्यांच्या अनेक नॉर्मल वक्रांच्या मिश्रणातून येतात, असं त्याने धरलं. चांगल्या रात्रीचे वेध अरुंद वक्रातून, वाईट रात्रीचे पसरट वक्रातून, आणि कुठला वेध कुठला ते आधी माहीत नाही. अशा मिश्रणात लहान चुकांसाठी ओढ सम प्रमाणात वाढते, पण चूक मोठी झाली की तो वेध पसरट वक्रातला असण्याची शक्यता वाढते आणि त्याचं वजन आपोआप उतरतं. काय फेकायचं आणि काय ठेवायचं, हे संशोधकाच्या मर्जीवर न सोडता नियमाने ठरतं. पण हे हिशेब फार लांब होते, आणि यंत्रं नसताना लजांद्रची सोय पुन्हा जिंकली.

गाउसच्या युक्तिवादातलं दुसरं दडलेलं गृहीत, मोजण्याआधी सगळ्या किमती सारख्याच संभाव्य, हे रोनाल्ड फिशरने काढून टाकलं. १९१२ मध्ये, केंब्रिजमध्ये विद्यार्थी असताना, त्याने पहिला लेख लिहिला आणि १९२२ पर्यंत त्याला पक्कं रूप दिलं. राशीच्या किमतीला संभाव्यता असते असं म्हणायचंच नाही, असा त्याचा आग्रह. मोजमापं हाती आहेत. कुठली किंमत धरली असता हीच मोजमापं पडण्याची संभाव्यता सर्वांत जास्त, एवढंच पाहायचं. या मापाला त्याने लाइकलिहूड हे वेगळं नाव दिलं आणि रीतीला मॅक्झिमम लाइकलिहूड. हिशेब गाउसचाच, पण आता तो कुठल्याही वक्राला लावता येतो आणि वक्र कोणता हे उघडपणे सांगावं लागतं.

मधल्या काळात त्याची आर्थर एडिंग्टनशी गाठ पडली. ताऱ्यांच्या गतीवरच्या १९१४ च्या पुस्तकात एडिंग्टनने लिहिलं होतं की चुकांचा पसारा मोजायला वर्गांपेक्षा साध्या फरकांची सरासरी बरी. १९२० मध्ये फिशरने दाखवलं की चुका नॉर्मल असतील तर हे चूक आहे: वर्गांनी शंभर वेधांत जे साधतं त्याला साध्या फरकांनी सुमारे एकशे चौदा लागतात. पुरावा बिनतोड होता. पण त्यातली ‘असतील तर’ किती नाजूक हे १९६० मध्ये जॉन टूकीने मोजलं. हजारांत दोनच वेध तिप्पट पसाऱ्याचे निघाले, तर वर्गांचा तो सगळा फायदा संपतो. हजारांत दोन वाईट वेध नसलेली वेधशाळा कुठे असेल असं मला वाटत नाही. आणि हजार वेधांचा आलेख काढला तरी ते दोन डोळ्यांना दिसणार नाहीत. एडिंग्टन आकाशाकडे पाहून बोलत होता, फिशर वक्राकडे पाहून.

समानतेला आणखी एक सीमा आहे, आणि ती चुका पूर्णपणे नॉर्मल असतानाही आड येते. वर दिलेल्या राशीत कक्षेच्या संख्या फक्त वर्गांच्या बेरजेतून शिरतात, पण σ दोन ठिकाणी आहे. लाइकलिहूडप्रमाणे σ² काढला तर वर्गांच्या बेरजेला वेधांच्या संख्येने भागायचं येतं. गाउसने १८२० च्या दशकातच सांगितलं होतं की भागायचं ते वेधांच्या संख्येतून काढलेल्या अज्ञात संख्या वजा करून, कारण उत्तर वेधांना जुळवून घेताना फरक जरा लहान करून ठेवतं. शंभर वेध आणि सहा अज्ञात असतील तर फरक नगण्य. पण १९४८ मध्ये येर्झी नेमन आणि एलिझाबेथ स्कॉट यांनी तो नगण्य नसलेला प्रसंग पुढे आणला. स्कॉट मूळच्या खगोलशास्त्रज्ञ, म्हणून प्रसंगही आकाशातला शोभेल असा. पुष्कळ तारे घ्या, प्रत्येकाचं मोजमाप फक्त दोनदा. प्रत्येक ताऱ्याची खरी किंमत वेगळी आणि अज्ञात, मोजण्यातला पसारा सगळीकडे सारखा. समजा एका ताऱ्याची मोजमापं १० आणि १२. सरासरी ११, फरक −१ आणि +१, वर्गांची बेरीज २. लाइकलिहूड तिला २ ने भागून पसाऱ्याचा वर्ग १ ठरवतो, गाउस १ ने भागून २. तारे दहा घ्या नाहीतर दहा लाख, प्रत्येक नव्या ताऱ्यासोबत एक नवी अज्ञात संख्याही येते, आणि लाइकलिहूडचं उत्तर खऱ्याच्या निम्म्यावर अडकून राहतं. ताऱ्यांच्या किमती दोन्ही रीतींनी तंतोतंत सारख्या येतात. बिघडतो तो आपल्याच अचूकतेचा अंदाज, आणि तो दिमाखात बिघडतो.

१९७७ मध्ये स्टीफन स्टिग्लरने न्यूकमची आणि अशीच इतर जुनी मोजमापं पुन्हा बाहेर काढली. आता खऱ्या किमती माहीत होत्या, तेव्हा सरासरी, मध्यक आणि तोपर्यंत निघालेल्या कित्येक रीती यांची खरी परीक्षा घेता येणार होती. निकाल अनेकांना आवडला नाही. साधी सरासरी बऱ्यापैकी टिकली, आणि टोकाची थोडी मोजमापं छाटून घेतलेली सरासरी सर्वांत बरी ठरली. न्यूकमच्या मापात आज मान्य असलेल्या वेगाशी जुळणारी किंमत ३३ आहे. सगळी मोजमापं धरलेली सरासरी २६.२, मध्यक २७, दोन वगळून २७.७५. कुठल्या रीतीने काढायचं यावर शंभर वर्षं चाललेली सगळी भांडणं सुमारे दीड एककात मावतात, आणि खरं उत्तर त्यांच्यापासून आणखी पाच एकक दूर आहे. चौसष्ट मोजमापांवरून काढलेली सरासरीची स्वतःची अनिश्चितता जेमतेम ०.६४ एकक होते, म्हणजे ३३ हे त्या हिशेबात आठ पट दूर. त्या पाच एककांना कारण असणारी चूक सगळ्याच मोजमापांत एकाच बाजूने शिरली होती, आणि शून्याभोवती पसरलेल्या स्वतंत्र चुका धरून बांधलेल्या कुठल्याही वक्राला, नॉर्मल असो की नसो, ती दिसणं शक्य नव्हतं.